सोमवारी हातोडा, बुधवारी सुट्टी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या १ ऑक्टोबरला, ४०४ चे काका माझ्याकडे एक कागद घेऊन आले. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत ७ मजले, २८ बिऱ्हाडं आणि एकच लिफ्ट आहे. सेक्रेटरीपदाचं माझं ते चौथं वर्ष होतं, त्यामुळे घडी उघडण्याआधीच आत काय असणार ते मला ठाऊक होतं. ‘आमच्या घरी रिनोव्हेशनचे काम करावयाचे आहे. तरी परवानगी मिळावी ही विनंती. कळावे.’ खाली सही आणि फ्लॅट नंबर.

‘काका, यावर मी काय परवानगी देऊ?’ मी विचारलं.

‘का? हो म्हणायचं. तुम्ही सेक्रेटरी आहात ना?’

गोम इथेच आहे. अर्ज सेक्रेटरीच्या नावे करायचा असतो, पण मंजुरी द्यायचा अधिकार सेक्रेटरीला नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत सरळ म्हटलं आहे की सभासदाने कार्यकारी समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय आपल्या सदनिकेत भर घालू नये वा फेरबदल करू नयेत. सेक्रेटरीचं काम अर्ज घेणं, त्यात काय कमी आहे ते सांगणं आणि तो बैठकीसमोर ठेवणं. बैठक महिन्यातून एकदा होते. आमची दुसऱ्या रविवारी असते. म्हणजे ज्याला सोमवारी काम सुरू करायचं आहे, त्याने आदल्या शनिवारी जिन्यात गाठून ‘तुमचं काही ऑब्जेक्शन नाही ना?’ असं विचारलं, तर माझ्या ‘नाही हो’ला कागदावर काडीची किंमत नसते. उद्या खालच्या घरात पाणी गळलं की तो ‘नाही हो’ मीही विसरतो आणि तेही.

काकांना नोव्हेंबरात काम हवं होतं. दिवाळी आटोपलेली, पाऊस संपलेला, दहावी-बारावीच्या परीक्षा अजून लांब. मुंबईत घरात तोडफोड करायला वर्षभरात यापेक्षा बरे आठवडे नाहीत. १२ ऑक्टोबरच्या बैठकीपर्यंत ११ दिवस होते. मी कागद परत दिला आणि म्हटलं, ‘आपल्या वॉचमनला वाचून कळेल असं पत्र आणा.’

ते चिडले. पण मी थट्टा करत नव्हतो. परवानगी समिती देते, ती पाळली जाते की नाही हे मात्र गेटवर ठरतं. सकाळी साडेआठला तीन माणसं हातोडे घेऊन आली तर त्यांना आत सोडायचं का? संध्याकाळी साडेसहाला गोण्या भरलेला टेम्पो निघाला तर तो कुठल्या फ्लॅटचा? दुपारी दोन वाजता वरून ‘धाड धाड’ आवाज येतोय, तो मंजूर आहे की नाही? त्या वेळी मी ऑफिसात असतो. अध्यक्ष नातवाला शाळेतून आणायला गेलेले असतात. उत्तर द्यायला उरतो तो वॉचमन, आणि त्याच्या हातात असतो तो कागद. कागदावर ‘रिनोव्हेशनचे काम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काहीच अडवता येत नाही.

दोन दिवसांनी काका कंत्राटदाराला घेऊन आले. आम्ही तिघं ४०४ मध्ये उभे राहिलो आणि काय काय काढायचं ते मोजू लागलो. हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेजची जुनी मोझॅक फरशी काढायची होती. बाथरूम आणि टॉयलेट पार विटेपर्यंत उघडं करायचं होतं. स्वयंपाकाचा ओटा तोडून नवा बांधायचा होता. शिवाय किचन आणि हॉलमधली भिंत पाडून काकूंना ‘ओपन किचन’ हवं होतं.

भिंतीचा प्रश्न मी तिथेच बाजूला काढला. इमारत १९९१ ची, आरसीसी सांगाड्याची. भिंत साडेचार इंची विटांची दिसत होती, म्हणजे बहुधा भार वाहणारी नाही. पण ‘बहुधा’वर भिंती पाडत नाहीत. जुन्या, खांब नसलेल्या इमारतीत नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतीच वरच्या मजल्यांचं ओझं पेलतात, आणि कंत्राटदाराला मात्र सगळ्याच भिंती ‘साध्या’ वाटतात. भिंत, बीम, खांब, बाल्कनी आत घेणं, बाथरूमची जागा हलवणं यांतलं काहीही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागतं आणि महापालिकेची परवानगी लागते का तेही तपासावं लागतं. सोसायटीचं पत्र महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही. फरशी, टाइल्स, ओटा, प्लास्टर, रंग ही जुन्याच्या जागी नवं बसवण्याची कामं आहेत, त्यांचा अर्ज वेगळा ठेवावा. एकाच अर्जात दोन्ही घातलं की भिंतीपायी फरशीही लटकते. काकूंनी नाक मुरडलं, पण भिंत त्या अर्जातून वगळली.

मग मी कंत्राटदाराला विचारलं, ‘डेब्रिज किती निघेल?’

‘पन्नासेक गोण्या.’

हा आकडा मी प्रत्येक कंत्राटदाराकडून ऐकला आहे. घर कुठलंही असो, पन्नासेक. म्हणून आम्ही हिशोब मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण डेब्रिजचं नियोजन म्हणजे ‘कंत्राटदार उचलून नेईल’ हे वाक्य नव्हे, आणि हा हिशोब कुणालाही करता येतो.

फरशी २५० चौरस फूट. मोझॅकची लादी आणि तिच्याखालचा मसाल्याचा थर मिळून जाडी अडीच इंच. २५० ला अडीचने गुणून १२ ने भागलं की ५२ घनफूट. बाथरूम आणि टॉयलेटच्या भिंतींवरच्या टाइल्स २४० चौरस फूट, मागच्या प्लास्टरसकट सव्वा इंच, म्हणजे २५ घनफूट. आता लोक विसरतात ती गोष्ट. बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा खाली दाबलेला असतो आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ४८ चौरस फुटांत नऊ इंच कोबा म्हणजे ३६ घनफूट. ओटा आणि त्यामागच्या टाइल्स धरा १२. बेरीज झाली १२५ घनफूट.

हे झालं जागेवर घट्ट बसलेलं सामान. फोडलं की ते फुगतं, तुकड्यांमध्ये पोकळी राहते. साधारण दीडपट धरावं, म्हणजे १८७ घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, तोंड बांधता येईल इतकं भरलं, तर एक घनफूट डेब्रिज मावतं आणि गोणी साधारण ३७ किलोची होते. म्हणजे पन्नासेक नव्हे, १९० गोण्या. वजन ७ टन.

कंत्राटदाराने डोकं खाजवलं. ‘होतात खऱ्या तेवढ्या,’ म्हणाला.

आकडा खरा निघाला की बाकीच्या गोष्टी आपोआप रांगेत येतात. आमची लिफ्ट ६ माणसांची, ४०८ किलोची. एक मजूर आणि ६ गोण्या मिळून २९० किलो होतात, म्हणजे लिफ्ट पेलते. पण १९० गोण्यांना ३२ फेऱ्या लागतात. त्या सकाळी नऊला ऑफिसच्या गर्दीत झाल्या तर २८ बिऱ्हाडं काकांना शिव्या देणार. गोणी फाटकी असेल तर रेती लिफ्टच्या उंबऱ्यातल्या खाचेत बसते, दरवाजा अडकू लागतो आणि दुरुस्तीचं बिल सोसायटीच्या नावे येतं. म्हणून ठरलं की लिफ्टच्या तळाला प्लायवूड घालायचं, गोण्या दुहेरी आणि तोंड शिवलेल्या असायच्या, आणि उतरवायच्या फक्त दुपारी ३ ते ४ मध्ये.

दुसरा प्रश्न असा की उतरवेपर्यंत त्या गोण्या वर कुठे राहणार? राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो वापराचं वजन धरून बांधतात. डेब्रिजचा कमरेएवढा ढीग एका कोपऱ्यात घातला तर तिथे चौरस मीटरला बाराशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सहापट. स्लॅब लगेच कोसळत नाही, त्याला चिर जाते. पण ती खालच्याच्या छतावर दिसते आणि मग ती ‘आधीपासूनच होती’ की ‘नव्याने आली’ यावर दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. म्हणून रोजचं डेब्रिज रोज खाली, आणि वर असेतोवर गोण्या भिंतींच्या कडेने एकेरी मांडायच्या.

तिसरा प्रश्न खाली आल्यावरचा. मागच्या कुंपणाशी, ड्रेनेजच्या चेंबरपासून दूर आणि अग्निशमनच्या गाडीच्या वाटेबाहेर, एक जागा मी दाखवली. तिथे फार तर ८० गोण्या मावतात. तीन टन नेणाऱ्या टेम्पोच्या एका खेपेत ७६ गोण्या जातात. म्हणजे टेम्पो दोन दिवसांनी एकदा आलाच पाहिजे. आता टेम्पोच्या तारखा ठरल्या.

टेम्पो जातो कुठे, हेही विचारावं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका सभासदाच्या कंत्राटदाराने रात्री अकराला मागच्या नाल्याच्या कडेला चाळीस गोण्या टाकल्या. एका गोणीत त्या घराचं जुनं लाइट बिल निघालं आणि नोटीस सोसायटीला आली. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये आले. त्यात हा कचरा रस्त्यावर, गटारात वा उघड्यावर टाकू नये आणि घरच्या कचऱ्यात मिसळू नये असं स्पष्ट होतं. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. नोंदणी केली की गाडी येते आणि माल दहिसर किंवा शिळफाट्याकडच्या प्रक्रिया प्रकल्पाला जातो. कंत्राटदाराची गाडी असली तरी कुठे रिकामी केली त्याची पावती मागावी. पावती देऊ शकत नसेल तर गाडी कुठे रिकामी होते ते कळलंच.

एवढं झाल्यावर तारखा सोप्या वाटल्या, पण तिथेही एक खाच होती. काकांनी लिहिलं होतं, ‘३ नोव्हेंबर ते २० डिसेंबर’. हे उत्तर घरमालकाच्या प्रश्नाचं आहे. शेजाऱ्याला काम कधी संपणार यापेक्षा हातोडा कुठल्या दिवशी पडणार हे हवं असतं. सात आठवड्यांच्या कामात खरा आवाज दहाबारा दिवसच असतो. रंगारी ब्रश फिरवतो तेव्हा वरच्या घराला पत्ताही लागत नाही. ते दहाबारा दिवस आधी कळले तर ३०४ चे आजोबा मुलीकडे चार दिवस राहायला जातात आणि ५०४ मधली बारावीतली मुलगी वाचनालयात बसते. दिवस कळले नाहीत तर दोघंही सातही आठवडे दातओठ खात बसतात.

म्हणून काम आवाजाप्रमाणे तोडलं. तोडफोड ३ ते ८ नोव्हेंबर. पाइप आणि वायरसाठी भिंतीत झिऱ्या पाडायचं काम १० आणि ११ ला. आणि मी विचारलं, ‘शेवटचं ड्रिल कधी?’ कंत्राटदार म्हणाला, ते काय, किरकोळ असतं. अजिबात किरकोळ नसतं. माझ्याकडच्या तक्रारींत सर्वांत जास्त याच्याच आहेत. काम ‘संपल्यावर’ कपाटं, पडद्याचे दांडे, गिझर, आरसे, एकेक भोक, पंधरा दिवस, कधीही. भिंतीतून ड्रिलचा आवाज तीन मजले जातो. ते सगळं १८ आणि १९ डिसेंबरला एकत्र घ्यायचं ठरलं. मग कंत्राटदारानेच कॅलेंडर उघडलं आणि म्हणाला, ‘५ नोव्हेंबरला बुधवारी गुरु नानक जयंती आहे. सुट्टीचं काम चालत नाही ना तुमच्याकडे?’ त्यामुळे तोडफोडीचे दिवस सहाचे पाच झाले आणि रोजच्या गोण्या ३८.

वेळेबद्दल एक गैरसमज आहे. आवाजाच्या केंद्रीय नियमांत, जे २००० सालचे आहेत, दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला आहे आणि राहत्या भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. काही सभासद याचा अर्थ असा लावतात की रात्री दहापर्यंत ठोकायला मुभा आहे. पण कोबा फोडणारं ब्रेकर मशीन ५५ ला कधीच ओलांडून जातं. त्या नियमाच्या आधाराने हातोडा चालवताच येणार नाही. तो चालतो शेजाऱ्यांच्या सोसण्यावर, आणि त्या सोसण्याच्या वेळा सोसायटी सर्वसाधारण सभेत ठराव करून लिहून ठेवते. आमच्या ठरावात आवाजाचं काम १० ते १ आणि ३ ते ६, बिनआवाजाचं १० ते ६, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला पूर्ण बंद. ठराव सर्वांना सारखा हवा. अध्यक्षांच्या भाच्याला आठपर्यंत आणि भाडेकरूला पाचपर्यंत, असं केलं की पुढच्या सभेत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

८ ऑक्टोबरला काकांनी नवा अर्ज दिला. तो असा होता:

‘प्रति, मा. सचिव. विषय: सदनिका ४०४ मधील अंतर्गत दुरुस्तीस लेखी परवानगी मिळणेबाबत.

महोदय, माझ्या सदनिकेत पुढील कामे करावयाची आहेत: हॉल, स्वयंपाकघर व पॅसेजची फरशी बदलणे, बाथरूम व टॉयलेटमधील टाइल्स, पाइप व वॉटरप्रूफिंग नव्याने करणे, ओटा बदलणे, वायरिंग व रंगकाम. कोणतीही भिंत, बीम वा खांब यांना हात लावला जाणार नाही. बाथरूम व टॉयलेट आहेत त्याच जागी राहतील. गॅसच्या पाइपला कंत्राटदार हात लावणार नाही, ते काम गॅस कंपनीकडूनच करून घेईन.

कामाचा काळ ३ नोव्हेंबर ते २० डिसेंबर २०२५. मोठ्या आवाजाचे दिवस: ३, ४, ६, ७, ८, १० व ११ नोव्हेंबर, आणि १८ व १९ डिसेंबर. या दिवशी आवाजाचे काम १० ते १ व ३ ते ६. टाइल कापण्याचे काम १७ ते २९ नोव्हेंबर, रोज ११ ते १, घराच्या आत व खिडक्या बंद ठेवून.

अंदाजे १९० गोण्या डेब्रिज निघेल. रोज ३८ गोण्या दुपारी ३ ते ४ मध्ये लिफ्टने, एका फेरीत सहा, खाली उतरवून मागील कुंपणाजवळ ठेवल्या जातील. टेम्पो ४, ७ व ८ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ५ ते ६ मध्ये येईल. रिकामा केल्याची पावती संस्थेस देईन. सिमेंटचे पाणी संडासात, मोरीत वा डक्टमध्ये ओतले जाणार नाही.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी १४ नोव्हेंबर सायं. ६ ते १६ नोव्हेंबर सायं. ६ अशी होईल. सदनिका ३०४ च्या छताचे फोटो काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या सहीने काढले जातील. नळाची लाइन बंद करावी लागल्यास आदल्या दिवशी फलकावर सूचना लावीन. रोज जास्तीत जास्त सहा कामगार असतील, त्यांची नावे व कंत्राटदाराचा मोबाइल क्रमांक सोबत जोडला आहे. सामायिक जागेचे वा इतर सदनिकांचे नुकसान झाल्यास माझ्या खर्चाने दुरुस्त करून देईन.’

सिमेंटच्या पाण्याची ओळ मी मुद्दाम घालायला लावली होती. गवंडी संध्याकाळी घमेलं आणि थापी धुतो ती संडासात. ते पांढरट पाणी निरुपद्रवी दिसतं. पण त्यातलं सिमेंट खालच्या आडव्या पाइपात बसतं आणि दगड होतं. तुंबतं ते महिन्या-दोन महिन्यांनी, आणि तेही तळमजल्यावर, जिथल्या माणसाने कुठलंच काम काढलेलं नसतं. तळाला साका बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि साका वाळवून गोणीत भरायचा, याला एक जुना ड्रम पुरतो.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. कुठला सेक्रेटरी घेतच नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. पुढे उपनिबंधकांकडे जायची वेळ आली तर ‘मी तोंडी सांगितलं होतं’ याला तिथे कुणी विचारत नाही. समितीने नाही म्हटलं तर कारण लेखी मागावं. ‘मागच्या वेळी तुम्ही मेंटेनन्स उशिरा भरला’ हे कारण बोलायला सोपं, कागदावर उतरवायला अवघड असतं.

१२ ऑक्टोबरच्या बैठकीत अर्ज दहा मिनिटांत मंजूर झाला. समितीने दोनच गोष्टी वाढवल्या. लिफ्टला लागलं-खुपलं तर म्हणून ठरावात ठरलेली परतीची अनामत रक्कम, पावतीसह. आणि मंजुरीपत्राची एक प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर, एक वॉचमनच्या केबिनमध्ये. वॉचमनसाठी आवाजाचे दिवस आणि टेम्पोच्या तारखा मी लाल पेनाने गोल केल्या. १४ ऑक्टोबरला पत्र काकांच्या हातात पडलं.

काम सुरू झालं. गोण्या १९० च्या जागी २०४ भरल्या, कारण कोबा नऊ इंचांऐवजी काही ठिकाणी दहा-अकरा निघाला. तेवढ्यासाठी कुणी हरकत घेतली नाही. ५ तारखेला सकाळी दोन मजूर आलेच. वॉचमनने कागदावरच्या तारखांवर बोट ठेवलं आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

खरी परीक्षा १५ ला झाली. वॉटरप्रूफिंगचे थर देऊन बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं होतं. शनिवारी रात्री साडेबाराला ३०४ च्या आजोबांनी फोन केला. छतावर, नहाणीच्या जाळीच्या बरोबर खाली, हाताच्या पंजाएवढा ओला डाग. चाचणी सुरू होऊन तीस तास झाले होते. २ नोव्हेंबरला काढलेला फोटो आम्ही मोबाइलवर उघडला. त्यात छत कोरडं होतं, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. रविवारी पाणी काढलं. सोमवारी प्लंबरने पाहिलं तर जाळीखालचा ट्रॅप आणि स्लॅब यांच्या सांध्यात मसाला नीट भरला गेला नव्हता. बहुतेक बाथरूम इथूनच गळतात. भिंतीतून गळती फार थोडी, पाइप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो तिथून जास्त. सांधा खरवडून नव्याने भरला, कोट दिला, सुकू दिला आणि पुन्हा ४८ तास पाणी भरलं. या वेळी आजोबा दर दोन तासांनी टॉर्च घेऊन छत बघत होते. कोरडं राहिलं.

हीच गळती टाइल्स बसल्यावर कळली असती तर नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या, आणि त्याच्या खर्चावरून काका, कंत्राटदार आणि आजोबा असा त्रिकोण झाला असता. टाइल्सच्या आधी चाचणी, आणि चाचणीची तारीख खालच्याला आधी माहीत असणं, एवढ्यावर ते टळलं. तारीख माहीत नसती तर आजोबांनी रात्री साडेबाराला छताकडे पाहिलंच नसतं.

दुसऱ्या चाचणीमुळे काम पाच दिवस मागे गेलं. काकांनी १९ नोव्हेंबरला दोन ओळींचं पत्र दिलं. टाइल कापण्याचं काम ४ डिसेंबरपर्यंत चालेल, काम संपण्याची तारीख २० ऐवजी २६ डिसेंबर, आवाजाचे उरलेले दोन दिवस आहेत तेच. मुदतवाढ मुदत संपण्याआधी मागितली की ती द्यायला कुणाचं काही जात नाही. मी ते फलकावर मूळ पत्राच्या खाली टाचलं. ५०४ मधल्या मुलीची प्रिलिम १५ डिसेंबरला सुरू होणार होती. १८ आणि १९ तिचे नेमके पेपरचे दिवस निघाले, ते मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आईने फलक वाचून काकूंना गाठलं आणि दोघींनी आपसात ठरवून ड्रिल २४ आणि २६ ला नेलं. मला फक्त फलकावर तारखा बदलायला सांगितल्या.

जानेवारीत अनामत परत गेली. त्यातून लिफ्टच्या दिव्याच्या फुटलेल्या काचेचे पैसे तेवढे वळते केले.

त्याच महिन्याच्या शेवटी ३०४ च्या आजोबांचा अर्ज आला. त्यांना फक्त एक बाथरूम नवं करायचं होतं. त्यांनी ४०४ च्या पत्राची झेरॉक्स काढून फ्लॅट नंबर खोडला होता आणि वर स्वतःचा लिहिला होता. खाली छान अक्षरात १९० गोण्या, तीन टेम्पो, आणि छताचे फोटो ‘सदनिका ३०४ च्या’.

‘आजोबा,’ मी म्हटलं, ‘तुमच्या खाली २०४ आहे.’

‘आणि गोण्या?’

मी टेप घेतली आणि त्यांच्या बाथरूमकडे निघालो.